जुन्या एसीची किंमत कशी ठरवावी

मार्च लागला की भंडाऱ्यात जुन्या एसीच्या जाहिराती ओएलएक्सवर दिसू लागतात. विकणारा जुनं बिल दाखवतो, पण हिशेब तिथून सुरू करू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे तीन वर्षांपूर्वी ३८,४०० रुपयांना घेतलेला एसी, मूळ किंमत तीच धरली, तर आज नवा ३५,४०० ला मिळेल. घसारा या आजच्या किमतीवर धरावा.

दरवर्षी उरलेल्या किमतीतून २० टक्के वजा करणं हा माझ्या मते ठीक अंदाज आहे. तीन वर्षांनी सुमारे १८,१०० उरतात. पण एसी फ्रीजसारखा उचलून आणून लावता येत नाही. काढणं, नागपूरहून आणायचा तर गाडीभाडं, पुन्हा बसवणं, गॅस कमी असल्यास भरणं, हे सगळं तुमच्याच खिशातून जातं. त्याचे चार हजार धरले, तर चौदा हजारांच्या वर जाऊ नये.

वय बिलावरून नव्हे, बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवरून पाहा. निर्मितीचा महिना-वर्ष बहुधा तिथे असतो. तिथेच गॅस आर-२२ लिहिला असेल, तर मशीन जुनं आहे, सोडून द्या. तांब्याच्या नळीच्या जोडाजवळ तेलकट डाग दिसला, तर गॅस गळत असावा. एसी काढण्याआधी अर्धा तास चालवून बघा. एप्रिल-मेमध्ये मात्र या हिशेबाने कुणी देणार नाही; दिवाळीनंतर विचारा.