निविदा नाकारल्याचं पत्र

समजा, ठाण्यातली ७२ सदनिकांची एक जुनी सोसायटी आहे. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये बाहेरचं प्लॅस्टर फोडून नव्याने करायला सांगितलंय. आर्किटेक्टचा अंदाज ६० लाखांचा. चार ठेकेदारांनी निविदा भरल्या आणि प्रत्येकाने १ लाख २० हजार रुपये बयाणा ठेवला. काम एकाला मिळणार हे चौघांनाही ठाऊक आहे. पण उरलेल्या तिघांना बहुतेक ठिकाणी कुणी काही कळवतच नाही. ठेकेदार दोन-तीनदा फोन करतो, ‘कमिटीत चर्चा चालू आहे’ एवढंच ऐकतो आणि एक दिवस इमारतीला दुसऱ्याची परांची लागलेली बघतो. त्याचा बयाणा तोवरही अडकलेलाच असतो.

असा माणूस पुन्हा निविदा भरत नाही, किंवा भरलीच तर इमारत न बघता अंदाजे मोठा आकडा टाकून मोकळा होतो. दोन्हींत नुकसान सोसायटीचंच. म्हणून नकार कसा द्यायचा, हे काम कुणाला द्यायचं याइतक्याच काळजीने ठरवावं लागतं. शिवाय तिघांना एकच छापील पत्र पाठवून भागत नाही, कारण तिघं वेगवेगळ्या कारणांनी बाहेर पडलेले असतात.

पहिला तांत्रिक पाकिटातच अपात्र ठरला. अट होती, गेल्या पाच वर्षांत किमान ४० लाखांचं असंच एक काम पूर्ण केलेलं असावं. त्याने २२ लाखांचं आणि २६ लाखांचं अशा दोन कामांचे दाखले जोडले. बेरीज ४८ लाख होते, पण अट एका कामाची होती. त्याचं दराचं पाकीट उघडायचंच नाही. ते सीलसकट परत द्यायचं आणि सोबत बयाणाही. सरकारी खरेदीत केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार, दोन पाकिटांच्या पद्धतीत तांत्रिक टप्प्यावर बाद झालेल्याचा बयाणा त्या टप्प्याचा निकाल लागल्यापासून ३० दिवसांत परत करावा लागतो. सोसायटीला हा नियम लागू नाही, पण मुदत म्हणून तो उत्तम आहे. पत्रात ‘अनुभव अपुरा’ असं मोघम लिहू नये. अटीचा क्रमांक लिहावा, त्याने काय जोडलं ते लिहावं आणि नेमकं काय कमी पडलं ते लिहावं. जे कारण निविदेच्या कागदात आधी छापलेलं नव्हतं, ते नाकारताना वापरायचं नाही. ‘त्याची माणसं नीट बोलत नाहीत असं ऐकलं’ हे कारण खरं असेलही, पण ते निविदेत नव्हतं.

दुसऱ्याची गोष्ट सर्वांत अवघड. दराची पाकिटं सर्वांसमोर उघडली तेव्हा त्याचा आकडा ५६ लाख २० हजार वाचला गेला, तिघांत सर्वांत कमी. तो काम मिळालं असं समजूनच घरी गेला. मग आर्किटेक्टने गुणाकार तपासले. प्लॅस्टर २,००० चौरस मीटर, दर ८४० रुपये. रक्कम १६ लाख ८० हजार व्हायला हवी होती, त्याने लिहिली ८ लाख ४० हजार. दर आणि रक्कम जुळत नसतील तर दर धरायचा आणि रक्कम दुरुस्त करायची, ही निविदांमधली रूढ अट आहे आणि ती या निविदेतही छापलेली होती. दुरुस्तीनंतर त्याचा आकडा झाला ६४ लाख ६० हजार, म्हणजे तिघांत सर्वांत जास्त.

इथे अनेक कमिट्या घोळ घालतात. ही दुरुस्ती त्याला थेट नकाराच्या पत्रातून कळते आणि तो म्हणतो, ‘पाकिटं उघडल्यावर आकडे फिरवले.’ त्याच्या जागी कुणालाही तसंच वाटेल. म्हणून चूक सापडली त्याच दिवशी, निवड होण्याआधी, त्याच्याच कागदाच्या प्रतीवर तो गुणाकार दाखवून त्याला लेखी कळवावं आणि दुरुस्ती मान्य असल्याचं उत्तर मागावं. त्याने मान्य केली की पुढचा नकार त्याला अनपेक्षित राहत नाही.

तिसरा ६१ लाख २० हजारांवर होता आणि काम ५७ लाख ८० हजारांना गेलं. त्याच्यात उणं काहीच नव्हतं, फक्त दर जास्त होता. अशाला ‘अगदी थोडक्यात हुकलं’ एवढं म्हणून कटवलं जातं. त्याला उपयोगाची माहिती वेगळी असते: दर जास्त आला तो कुठे? निवडलेल्याचे बाबवार दर त्याला दाखवायचे नाहीत, ते दुसऱ्याच्या धंद्याचं गुपित आहे. पण आर्किटेक्टच्या अंदाजाशी तुलना करून सांगता येतं. त्याला जाणारं पत्र साधारण असं असावं:

‘सस्नेह नमस्कार. आपली निविदा सर्व अटींत बसणारी होती. तपासणीनंतर आपली एकूण रक्कम रु. ६१,२०,००० असून तिघांत दुसऱ्या क्रमांकावर आहे. काम रु. ५७,८०,००० च्या निविदेला देण्याचं ठरलं आहे. आपले प्लॅस्टर आणि रंगाचे दर आमच्या अंदाजाच्या जवळ होते, परांचीचा दर मात्र अंदाजापेक्षा सुमारे चौथ्या हिश्श्याने जास्त होता. करारावर सही होईपर्यंत आपला बयाणा आमच्याकडे राहील. निविदेची मुदत ९० दिवसांची आहे, त्याआधीच तो परत करू. काही विचारायचं असल्यास सात दिवसांत कळवावं, आर्किटेक्टसोबत भेट ठरवू.’

बयाणा ठेवून घेण्याचं खरं कारण असं की पहिल्याने ऐनवेळी पाठ फिरवली तर दुसऱ्याची गरज पडू शकते. हे लपवण्यासारखं नाही, सांगितलं की त्याला पटतं. मात्र त्याचा आकडा दाखवून पहिल्याला ‘अजून दोन लाख कमी कर’ म्हणायचं, किंवा ‘पहिल्याच्या दरात येतोस का’ असं याला विचारायचं, हे सपशेल चूक. एकदा असं घडलं की पुढच्या निविदेत प्रत्येकजण घासाघिशीची रक्कम आधीच चढवून भरतो.

सात दिवसांच्या त्या सवलतीमागे मोठा इतिहास आहे. १९९९ साली अल्काटेल नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने म्हटलं की निवड आणि करार यांत अंतर हवं, कारण करार झाल्यावर हरलेल्याच्या तक्रारीला फारसा अर्थ उरत नाही. त्यातून युरोपात किमान दहा दिवस थांबण्याचा नियम आला. जागतिक बँकेच्या कर्जातल्या मोठ्या खरेद्यांतही कामकाजाचे दहा दिवस थांबतात. हरलेल्याने पहिल्या तीन दिवसांत मागणी केली तर पुढच्या पाच दिवसांत त्याला कारणं समजावून द्यावी लागतात. आपल्याकडच्या वित्तीय नियमांतही, विचारणा झाल्यास निविदा नाकारल्याचं कारण सांगितलंच पाहिजे असं आहे. माझं म्हणणं एवढंच की विचारणा होण्याची वाट कशाला पाहायची?

भेट अर्ध्या तासाची पुरे. कमिटीतले दोघं आणि आर्किटेक्ट असावेत, बोलणं फक्त त्याच्याच निविदेबद्दल व्हावं आणि काय बोललं गेलं ते टिपून ठेवावं. एकट्या सेक्रेटरीने जिन्यात उभ्याउभ्या समजूत घालू नये, कारण तिथे दिलेला शब्द कुणाच्याच नोंदीत राहत नाही.

आणि पुन्हा बोलावणं? ‘पुढच्या वेळी तुमचा नक्की विचार करू’ असं लिहू नये. ते आश्वासन झालं आणि पुढची निविदा निघण्याआधीच ती एकाकडे झुकली. त्याऐवजी ठोस लिहावं: पुढच्या उन्हाळ्यात जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं वॉटरप्रूफिंग काढायचं आहे, अंदाज १५ लाखांच्या आसपास, निविदा निघाली की आपल्याला ईमेलने सूचना पाठवू. अपात्र ठरलेल्या पहिल्या ठेकेदाराला या ओळीचा सर्वांत जास्त उपयोग आहे. अनुभवाची अट कामाच्या रकमेच्या त्याच प्रमाणात ठेवली तर टाकीसाठी दहा लाखांचं एक काम पुरेल आणि त्याच्याकडे २६ लाखांचा दाखला आहे.

फक्त हे तेव्हाच्या कमिटीला आठवायला हवं. कमिट्या बदलतात, आर्किटेक्टही बदलतो. तेव्हा तिन्ही पत्रं, भेटींची टिपणं आणि कुणाला कशाची सूचना द्यायचं कबूल केलंय त्याची यादी निवडलेल्याच्या कराराच्याच फाइलमध्ये लावावी. नवी निविदा काढणारा माणूस सर्वांत आधी तीच फाइल उघडतो.