रांगेतलं खरं घाईचं तिकीट

जानेवारीतला शुक्रवार, रात्रीचे साडेआठ. हिंजवडीतल्या एका सपोर्ट टीममध्ये दुसऱ्या शिफ्टचा इंजिनिअर एकटाच रांग सांभाळतोय, असं समजू. ग्राहक कंपनी लंडनची, तिथे दुपारचे तीन वाजलेत. स्क्रीनवर सहा तिकिटं आहेत, म्हणजे सहा तक्रारी, आणि प्रत्येकीसमोर उलटं मोजणारं घड्याळ. सगळ्यात वरचं लाल आहे: उणे पाच तास. खाली १२ मिनिटं, २५ मिनिटं, दीड तास, दोन तास दहा मिनिटं, तीन तास. हात आधी कशाला घालायचा?

ही घड्याळं येतात ग्राहकाशी केलेल्या सेवेच्या करारातून. इंडस्ट्रीत त्याला सगळे ‘एसएलए’ म्हणतात. कोणत्या दर्जाच्या तक्रारीला किती वेळात उत्तर द्यायचं आणि किती वेळात ती सोडवायची, हे त्यात लिहिलेलं असतं. तक्रारीमुळे किती लोकांचं काम अडलं आणि ते किती तातडीचं आहे, यावरून पी-१ ते पी-४ असा दर्जा ठरतो. मुदत टळली की ‘ब्रीच’ झाला. महिनाअखेरीला ब्रीचची टक्केवारी काढतात आणि ती कराराबाहेर गेली, तर अनेक करारांत बिलातून रक्कम कापली जाते.

उरलेल्या वेळाप्रमाणे रांग लावणं अगदी सोपं आहे. जिरा सर्व्हिस मॅनेजमेंटमध्ये एवढी ओळ पुरते:

```
ORDER BY "Time to resolution" ASC
```

कल्पनाही चुकीची नाही. ज्याची मुदत आधी, ते काम आधी, असा क्रम लावला की एका माणसाच्या रांगेतला सर्वांत मोठा उशीर कमीत कमी राहतो, हे जे. आर. जॅक्सन यांनी १९५५मध्येच दाखवून दिलं होतं. अट एकच: समोर दिसणारी मुदत खरी हवी. आणि घड्याळावरचा आकडा नेमका तिथेच फसवतो, कारण ही सहा घड्याळं एकाच गोष्टीची नाहीत.

तीन तासांचं तिकीट बघा. एक रिपोर्ट फार हळू उघडतोय, दर्जा पी-३. करारानुसार त्याचं घड्याळ फक्त लंडनच्या कामाच्या वेळेत, सोमवार ते शुक्रवार नऊ ते पाच, चालतं. आज पाचपर्यंत दोन तास संपतील, उरलेला एक तास सोमवारी नऊला पुन्हा सुरू होईल. म्हणजे खरी मुदत लंडनचे सोमवारचे दहा, आपल्याकडचे दुपारचे साडेतीन. त्याच्या शेजारचं दोन तास दहा मिनिटांचं तिकीट पी-१ आहे: गोदामातले स्कॅनर बंद पडलेत. ते घड्याळ चोवीस तास चालतं, त्यामुळे त्याची मुदत आज रात्री दहा चाळीसलाच आहे. दोन्ही आकडे जवळजवळ दिसतात, पण मुदतींमध्ये अडीच दिवसांहून जास्त अंतर आहे. म्हणून अनुभवी माणसं ‘किती उरले’ याच्या शेजारी ‘कधी संपणार’ ही तारीख-वेळेची रकानाही उघडी ठेवतात. तिथे शनिवारची किंवा ब्रिटनमधल्या सुट्टीची वेळ दिसली, तर कॅलेंडर चुकीचं भरलंय हे लगेच कळतं.

टक्केवारीचे रंगही जपून वाचावे लागतात. ‘७५ टक्के वेळ संपला’ हा इशारा चार तासांच्या तिकिटावर आला, तर हातात एक तास असतो. तोच इशारा कामाच्या ४० तासांच्या तिकिटावर आला, तर दहा तास असतात. रंग मात्र दोन्हीकडे एकच.

आता दीड तासाचं तिकीट. पगाराची फाइल लोड होत नाहीये, पी-२, मुदत रात्री दहाची. दीड तास ऐकायला ऐसपैस वाटतं. पण काम उलगडून पाहिलं तर लॉग तपासून नेमकी चूक शोधायला १५ मिनिटं, डेटाबेस टीमला बदल करायला ४५ मिनिटं आणि नंतर फाइल पुन्हा चालवून खात्री करायला २०. दहातून शेवटची २० आणि डेटाबेसची ४५ मिनिटं वजा केली, की चूक शोधून काम पुढे पाठवायची अखेरची वेळ निघते आठ पंचावन्न. म्हणजे इंजिनिअरच्या हातात दीड तास नसून पंचवीस मिनिटं आहेत. हे वजाबाकीचं गणित कोणतंही टूल आपणहून करत नाही, कारण पुढचं काम कुणाकडे जाणार आणि तिथे किती वेळ लागणार, हे त्याला ठाऊक नसतं. सगळ्यात जास्त ब्रीच याच प्रकारच्या तिकिटांत होताना दिसतात: शेवटच्या अर्ध्या तासात दुसऱ्या टीमकडे ढकललेली, आणि तिकडे जेवायला गेलेला माणूस.

बारा मिनिटांचं घड्याळ तर वेगळंच आहे. ते पहिल्या उत्तराचं आहे. नव्या कर्मचाऱ्याला एका फोल्डरची परवानगी हवीय. पाच मिनिटांत तक्रार नीट वाचून, कुणाची मंजुरी लागेल ते विचारणारं उत्तर पाठवता येतं. ‘आपली विनंती मिळाली, पाहतो आहोत’ एवढं चिकटवूनही घड्याळ थांबतं, पण समोरचा माणूस होता तिथेच राहतो आणि उद्या तोच प्रश्न पुन्हा विचारतो.

तर क्रम असा लागतो. पहिली नजर पी-१वर, त्याचा आकडा कितीही असो. नेटवर्कचा माणूस कॉलवर आहे का? आहे, आणि ग्राहकाला पुढची खबर नऊला द्यायची आहे. कुणीच नसतं, तर बाकी सगळं बाजूला. हे बघायला एक मिनिट गेलं. आठ एकतीस ते आठ छत्तीस फोल्डरचं उत्तर. मग पगाराची फाइल. आठ एक्कावन्नला ती डेटाबेस टीमकडे. त्यांचं काम नऊ छत्तीसला होईल आणि खात्री नऊ छपन्नला, मुदतीच्या चार मिनिटं आधी. क्रम उलटा केला असता, तर फोल्डरचं तिकीट आठ बेचाळीसलाच ब्रीच झालं असतं. रिपोर्टला आज हात लावायची गरजच नाही.

मधल्या पाऊण तासात, नऊची खबर देऊन झाली की, उरलेली दोन तिकिटं. पंचवीस मिनिटांचं घड्याळ थांबलेलं आहे, कारण ग्राहकाकडून स्क्रीनशॉट यायचाय. थांबलेल्या घड्याळाकडे कुणी बघत नाही, पण ग्राहकाचं उत्तर येताच ते उरलेल्या पंचवीस मिनिटांपासूनच पुढे धावतं. काम वीस मिनिटांचं आहे. त्यामुळे लॉगिन आणि लागणाऱ्या पायऱ्या आधीच तयार ठेवलेल्या बऱ्या. काही टीम किरकोळ प्रश्न विचारून घड्याळ थांबवून ठेवतात. तिकीट सारखं थांबतंय-चालतंय असा इतिहास दिसला, की ऑडिट करणाऱ्याला ते ओळखू येतं.

आणि ते वरचं लाल, उणे पाच तास? एका बंद लॅपटॉपचं आहे, बदली मशीन पुरवठादाराकडून यायचंय. टक्केवारीच्या हिशेबात ते नापास होऊन गेलं. उणे पाचचं उणे पन्नास झालं तरी त्या आकड्यात फरक पडत नाही. म्हणूनच अशी तिकिटं दिवसेंदिवस पडून राहतात, आणि करारातली ही मोठीच उणीव आहे: आधीच उशीर झालेल्या माणसाची घाई मोजणारं घड्याळ त्यात नसतं. ते सगळ्यात वर दिसतं म्हणून आधी हाती घेणं चुकीचं, पण शिफ्टमध्ये त्याची एक ठरलेली वेळ हवी. इथे ती पुरवठादाराला फोन करण्याची आहे, आणि मशीन कोणत्या दिवशी पोचेल ते लॅपटॉपविना बसलेल्या कर्मचाऱ्याला आजच, लंडनचे पाच वाजण्याआधी कळवण्याची.