अरबी मनाई, इंग्रजी पाटी

अरब देशांतल्या बहुतेक मनाईच्या पाट्या ‘ममनूअ’ या शब्दाने सुरू होतात. त्याचा अर्थ ‘मना केलेले’, आणि त्याच्यापुढे क्रियेचे नाव येते. ‘ममनूअ अत्-तद्खीन’ म्हणजे धूम्रपान मना, ‘ममनूअ अद्-दुखूल’ म्हणजे प्रवेश मना. अशाच कामासाठी इंग्रजीचा साचा ठरलेला आहे: आधी ‘नो’ आणि मग क्रियेचे नाव. त्यामुळे या दोन पाट्या ‘नो स्मोकिंग’ आणि ‘नो एंट्री’ अशा सहज उतरतात. ‘स्मोकिंग इज फॉरबिडन’ हे व्याकरणाने बरोबर असले तरी इंग्रजी वाचकाला ते पाटीपेक्षा नियमपुस्तकातले वाक्य वाटते.

अरबीत ‘करू नकोस’ असे थेटही सांगता येते, पण तिथे क्रियापदाचे रूप समोरच्या व्यक्तीनुसार बदलते. एका पुरुषाला ‘ला तल्मिस’ (हात लावू नकोस), एका स्त्रीला ‘ला तल्मिसी’ आणि अनेकांना ‘ला तल्मिसू’ म्हणावे लागते. पाटी कोण वाचणार हे आधी माहीत नसते. ‘ममनूअ’ला ही अडचण नाही, कारण त्यात कोणालाच संबोधन नसते. इंग्रजी ‘डू नॉट टच’ स्त्री-पुरुष, एक-अनेक सर्वांना सारखेच चालते. म्हणून मूळ अरबी पाटी ‘ममनूअ अल्-लम्स’ (स्पर्श मना) अशी असली, तरी इंग्रजीत सरळ आज्ञा लिहिणेच योग्य ठरते.

खरी गुंतागुंत क्रियेच्या नावात असते. ‘ममनूअ अल्-वुकूफ’ मधल्या ‘वुकूफ’चा मूळ अर्थ उभे राहणे. मराठीतही आपण गाडी ‘उभी करतो’, तसाच हा वापर आहे. ही पाटी रस्त्याच्या कडेला असेल तर ती बहुधा ‘नो पार्किंग’ असते. जिन्याच्या तोंडाशी असेल तर ती माणसांसाठी असू शकते. इजिप्तमध्ये पार्किंगसाठी ‘इंतिजार’, म्हणजे थांबून वाट पाहणे, हा शब्द चालतो. रस्त्यावर भाषांतरकाराला चिन्हाची मदत होते. १९६८च्या व्हिएन्ना कराराच्या पद्धतीनुसार निळ्या वर्तुळावर एकच तिरकी लाल रेघ असेल तर पार्किंगला मनाई असते, आणि फुली असेल तर गाडी क्षणभर थांबवण्यासही. दुसऱ्या प्रकारासाठी ‘नो स्टॉपिंग’ लिहावे लागते. तिथे ‘नो पार्किंग’ लिहिले तर प्रवासी उतरवण्यापुरता थांबलेला चालकही दंडाला पात्र ठरू शकतो आणि त्याला तसा इशारा मिळालेलाच नसतो.

विनंतीच्या पाट्या ‘अर्-रजा’ किंवा ‘युर्जा’ने सुरू होतात. ‘अर्-रजा अदम अत्-तद्खीन’चा शब्दशः अर्थ ‘धूम्रपान न करण्याची विनंती’. यातूनच ‘प्लीज नो स्मोकिंग’ हे बेंगरूळ मिश्रण जन्माला येते. ‘प्लीज डू नॉट स्मोक’ हे नीट इंग्रजी. पण अरबीतली ही विनंती अनेकदा केवळ शिष्टाचार असते आणि नियम सक्तीचाच असतो. पेट्रोल पंपावर हेच शब्द दिसले, तर ‘प्लीज’ गाळून ‘नो स्मोकिंग’ लिहिणे अधिक सुरक्षित. शब्दांपेक्षा नियम मोडल्यावर काय होईल यावरून सूर ठरतो.

इमारती आणि सभागृहांचे नियम लांबलचक असतात. एक नमुना घेऊ: ‘युम्नअ मन्अन् बात्तन इस्तिहाब अल्-मअकूलात वल्-मश्रूबात इला दाखिल अल्-काआ’. शब्दशः अर्थ असा: ‘सभागृहाच्या आत खाद्यपदार्थ व पेये सोबत नेण्यास पूर्ण मनाईने मनाई आहे’. ‘मनाईने मनाई’ ही क्रियेचेच नाव जोडून जोर देण्याची अरबी पद्धत. इंग्रजीत तिची जागा ‘स्ट्रिक्टली’ घेते, किंवा काहीच घेत नाही. नुसत्या ‘नो’मध्येही तो जोर येतो. ‘सभागृहाच्या आत’ हेही गळते, कारण पाटी दारावरच असते. उरते ते ‘नो फूड ऑर ड्रिंक’. मात्र मूळ वाक्यात मनाई नेण्याला आहे, खाण्याला नाही. सभागृहातच उपाहारगृह असेल, तर ‘नो आउटसाइड फूड ऑर ड्रिंक’ हेच अचूक; नाहीतर आत विकत घेतलेला चहा पिणाऱ्यालाही आपण नियम मोडतो आहोत असे वाटेल.

म्हणून पाटी आखडताना तीन गोष्टी तपासाव्या लागतात: नियम कोणाला लागू आहे, नेमकी कोणती क्रिया मना आहे आणि अपवाद आहे का. यांपैकी जे पाटीच्या जागेवरून आपोआप कळते ते गाळता येते. जे तसे कळत नाही ते इंग्रजीत लिहावेच लागते, मग पाटी दोन शब्दांनी लांबली तरी चालेल.