नफा दिसतो, पण रोकड कुठे आहे?

समजा, भोसरीतल्या एका छोट्या कारखानदाराकडे नवं गिऱ्हाईक आलं. नाव प्रायव्हेट लिमिटेड, ऑर्डर 8 लाखांची, उधारी 90 दिवसांची. माल द्यावा का?

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचा ताळेबंद खासगी नसतो. 2013च्या कंपनी कायद्यानुसार तो कंपनी निबंधकाकडे दाखल करावा लागतो आणि कुणालाही पाहता येतो. mca.gov.in वर नोंदणी करून आधी कंपनीचा ‘मास्टर डेटा’ उघडावा. शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा आहे, ते तिथे कळतं. सभा झाल्यावर 30 दिवसांत हिशेब दाखल करायचे असतात. त्यामुळे मार्चअखेरचे आकडे बहुधा ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत येतात. तारीख दोन-तीन वर्षांपूर्वीचीच असेल, तर तिथेच सावध व्हावं. पुढे View Public Documents मध्ये 100 रुपये भरले की कागदपत्रं पाहता येतात. हवा तो फॉर्म AOC-4. लेखापरीक्षकाचा अहवाल आणि टिपा त्याच्या जोडपत्रांत असतात, म्हणून तीही उघडावीत.

आता छोट्या कंपन्यांची सवलत. भरणा झालेलं भांडवल 10 कोटींपर्यंत आणि उलाढाल 100 कोटींपर्यंत, अशी मर्यादा डिसेंबर 2025 पासून आहे. मात्र दुसऱ्या कंपनीची उपकंपनी असलेली किंवा स्वतःची उपकंपनी असलेली कंपनी कितीही लहान असली तरी तिला ही सवलत नाही. छोट्या कंपनीला नफा-तोटा पत्रक द्यावंच लागतं, पण रोख प्रवाहाचं पत्रक दिलं नाही तरी चालतं. लेखापरीक्षकाच्या अहवालाला जोडलं जाणारं ‘कारो’ परिशिष्टही तिला लागू नाही. कर्जाचे हप्ते किंवा सरकारी देणी थकली आहेत का, हे एरवी त्यात सापडलं असतं.

रोख प्रवाहाचा अंदाज मात्र आपल्यालाही बांधता येतो. ताळेबंदात यंदाच्या आकड्याशेजारी गेल्या वर्षीचा आकडा असतो. समजा, नफा 12 लाख आहे. गिऱ्हाइकांकडून येणं 40 लाखांवरून 75 लाखांवर गेलं, म्हणजे 35 लाख बाहेर अडकले. पुरवठादारांचं देणं 30 वरून 52 लाख झालं, म्हणजे 22 लाख अजून द्यायचे आहेत. 12 मधून 35 वजा करून 22 मिळवले, की उरतो उणे 1 लाख. साठा आणि घसारा बाजूला ठेवला, तर नफा कागदावर आहे, हातात पैसा नाही आणि धंदा पुरवठादारांच्या उधारीवर चालला आहे.

मग टिपांमधला, देणी किती जुनी आहेत हे सांगणारा तक्ता पाहावा. एक वर्षाहून जुन्या देण्यांच्या रकान्यात मोठी रक्कम असेल, तर ती एखाद्या वादातली आहे की नुसतीच थकलेली, हे गिऱ्हाइकाला विचारावं. उत्तर पटेपर्यंत 90 दिवसांची उधारी देऊ नये. निम्मी रक्कम आगाऊ मागावी.