कोणती फरशी आधी सरकवावी?

```
१ २ ३
_ ४ ६
७ ५ ८
```

आठ फरश्यांच्या कोड्यात १ ते ८ क्रमाने लावून रिकामी जागा शेवटच्या घरात आणायची असते. प्रत्येक फरशी तिच्या घरापासून आडवी-उभी किती घरे दूर आहे, ते मोजून बेरीज करायची. इथे ४, ५ आणि ८ प्रत्येकी एक घर दूर आहेत, म्हणून अंतर ३.

आता १, ४ किंवा ७ सरकू शकते. १ किंवा ७ हलवली तर अंतर ४ होते, ४ डावीकडे नेली तर २. झालेल्या चाली आणि उरलेले अंतर यांची बेरीज पहिल्या दोन पर्यायांत ५, तिसऱ्यात ३. सर्वांत लहान बेरजेची मांडणी आधी पुढे न्यायची. मग ५ वर, ८ डावीकडे, आणि कोडे तीन चालींत सुटते. १९६८मध्ये हार्ट, निल्सन आणि राफाएल यांनी मांडलेली ‘ए-स्टार’ पद्धत ती हीच.

एका चालीत एकच फरशी एकच घर सरकते. त्यामुळे हे अंतर खऱ्या चालींपेक्षा कधीच जास्त भरत नाही, आणि म्हणूनच मिळणारे उत्तर सर्वांत कमी चालींचे असते. रिकामी जागा मात्र मोजू नये. ती मोजली तर एका चालीवर असलेली मांडणीही २ अंतर दाखवते आणि ही खात्री जाते.

मर्यादाही आहे. फक्त १ आणि २ यांची अदलाबदल झाली असेल तर अंतर २ दिसते, पण ते कोडे सुटतच नाही. एकूण ३,६२,८८० मांडण्यांपैकी निम्म्या अशाच न सुटणाऱ्या आहेत, म्हणून कोडे सुटणारे आहे का, ही तपासणी आधी करावी.