कुंपणाला बेरीज, फरशीला गुणाकार

पाचवीच्या एखाद्या वर्कशीटवर, नाव आणि हजेरी क्रमांक लिहायच्या जागेखाली, चौकटीत अशा दोन ओळी छापलेल्या असतात असं समजू:

कुंपणाला बेरीज, चारी बाजू मोजून;
फरशीला गुणाकार, लांबी-रुंदी घेऊन.

कविता म्हणून यात फारसं काही नाही. पण ‘परिमिती’ आणि ‘क्षेत्रफळ’ हे शब्द तिने मुद्दामच टाळलेत. मुलांचा घोळ होतो तो आकडेमोडीत कमी, कोणतं सूत्र कुठलं यात जास्त. कुंपण म्हटलं की काठ दिसतो, फरशी म्हटली की आतली जागा.

‘चारी’ हा शब्दही कामाचा. आकृतीत आयताच्या दोनच बाजूंवर आकडे असतात, 8 सेमी आणि 5 सेमी. पोर त्या दोघांची बेरीज करून 13 लिहून मोकळं होतं. बोट ठेवून चारही कडांवरून फिरवलं, की उत्तर 26 सेमी येतं. आत मात्र एक-एक सेमीच्या चौकोनी फरश्या बसतात, 8 च्या 5 ओळी, म्हणून 40 चौरस सेमी.

खालचं पहिलंच गणित 4 सेमी बाजूच्या चौरसाचं असेल, तर वर्कशीट फसलं. परिमितीही 16, क्षेत्रफळही 16! सूत्रांची अदलाबदल करणाऱ्यालाही बरोबरची खूण मिळते. चूक पकडायची तर फक्त एककावरून.

गाण्याची खरी परीक्षा पुढे आहे. त्याच 8 बाय 5 च्या आयताचा एक कोपरा, 3 सेमी लांब आणि 2 सेमी रुंद, कापून टाकायचा. आता बाजू सहा: 8, 3, 3, 2, 5, 5. बेरीज पुन्हा 26! कुंपण तेवढंच लागतं, फरश्या मात्र 6 कमी, म्हणजे 34. ज्याने दुसरी ओळ नुसती घोकली, तो इथेही 8 गुणिले 5 करून 40 लिहितो. त्याच्या डोक्यात फरश्या नाहीत, फक्त चाल आहे.

पद्यातून गणित शिकवणं आपल्याकडे जुनंच. भास्कराचार्यांची 1150 ची ‘लीलावती’ पद्यातच आहे, आणि तिथे नियमामागोमाग उदाहरण येतं. सूत्र कुठे थांबतं हेही ते बजावतात. 5 सेमीच्या चार काड्यांचा चौरस केला तर क्षेत्रफळ 25 चौरस सेमी. तोच तिरका दाबून कर्ण 6 आणि 8 सेमी केले, तर 24. कुंपण दोन्हींना 20 सेमीच. म्हणूनच कर्ण किंवा लंब न सांगता, नुसत्या चार बाजू देऊन चौकोनाचं ठरावीक क्षेत्रफळ विचारणाऱ्याला भास्कराचार्यांनी सरळ पिशाच म्हटलंय. उत्तर देणारा तर त्याच्याहून वरचढ.