आदिलाबादचा छापखाना भाव वाढवतो तेव्हा

आदिलाबादच्या बाजारातल्या छोट्या ऑफसेट छापखान्याला लग्नपत्रिका मराठीतही छापायची असते आणि तेलुगूतही. पण वर्षभर घर चालतं ते व्यापाऱ्यांच्या बिलबुकांवर. म्हणून कागद महागला की पहिली चिंता पडते ती बिलबुकवाल्या गिऱ्हाइकांची.

कागजनगर फार दूर नाही. 2016 च्या फेररचनेपर्यंत ते याच जिल्ह्यात होतं. तिथली सिरपूर पेपर मिल 2014 मध्ये बंद पडली आणि 2018 मध्ये पुन्हा सुरू झाली. पण गिरणी शेजारी आहे म्हणून छापखान्याला कागद स्वस्त पडतो असं नाही. तो घ्यावा लागतो बाजारभावानेच.

उदाहरणादाखल वीस बिलबुकांचा हिशोब मांडू. एकूण भाव 2000 रुपये. त्यात कागद 900, मजकूर जुळवणी आणि प्लेट 350, छपाई 300, नंबरिंग-बाइंडिंग 450. कागद वीस टक्क्यांनी महागला तर वाढ होते 180 रुपयांची, म्हणजे नऊ टक्के. इथेच बरेच जण घसरतात. ‘कागद वीस टक्के वाढला’ म्हणत सगळ्या बिलावर वीस टक्के लावतात. व्यापारी हिशोबात मुरलेला असतो, त्याला हे लगेच कळतं.

जुन्या गिऱ्हाइकाला सवलत द्यायची तर ती प्लेटमधून द्यावी. त्याचा मजकूर तोच असतो, फक्त नंबर बदलतो, आणि नंबरिंग वेगळ्या यंत्रावर होतं. गोंद लावून जपलेली ॲल्युमिनियमची प्लेट पुन्हा चढवता येते. म्हणजे 350 रुपये वाचले. त्यातले 200 गिऱ्हाइकाला सोडले तर 2180 च्या जागी त्याला 1980 पडतात आणि छापखान्याकडेही 150 उरतात. प्लेटवर ओरखडे पडले किंवा मजकूर बदलला, तर मात्र ही सवलत नाही. हेही आधीच सांगितलेलं बरं.

भाव तोच ठेवून 70 च्या जागी 60 जीएसएमचा कागद गुपचूप घालणं ही मला सगळ्यात वाईट वाट वाटते. कागद वजनावर विकला जातो, त्यामुळे सातवा हिस्सा वाचतो खरा. पण पान उजेडात धरलं की मागचा मजकूर दिसतो आणि पेनाची शाई पलीकडे उतरते. असं गिऱ्हाईक तक्रार करत नाही. पुढच्या वेळी दुसऱ्या छापखान्यात जातं.

निरोप लग्नसराईच्या तोंडावर नको, महिनाभर आधी जावा. मजकूर असा पुरे: ‘एक तारखेपासून वीस बिलबुकांचा भाव 2000 ऐवजी 2180 रुपये. कारण फक्त कागद. छपाई आणि बाइंडिंगचे दर तेच. त्याआधी बयाणा दिलेल्या कामाला जुनाच भाव. प्लेट आमच्याकडे असेल तर 200 रुपये कमी.’ हाच निरोप तेलुगूतही जावा. ‘काही अपरिहार्य कारणास्तव’ ही ओळ मात्र टाळावी, तिने संशय वाढतो.

आणि तुम्ही गिऱ्हाईक असाल, तर पुढच्या बिलबुकाच्या बिलावर कागदाचा जीएसएम लिहून मागा.